ड्रेसवरची छपाई बदलताना: घडीबरोबर वळणारी नक्षी

फोटोतल्या ड्रेसवरची जुनी छपाई काढून तिथे नवी नक्षी बसवायची, तर त्या नक्षीला कापडाच्या प्रत्येक घडीबरोबर वळावे लागते. नवी नक्षी ड्रेसच्या आकारात कापून नुसती वर ठेवली आणि खालची सावली तिच्यातून दिसू दिली, तरी डोळा फसत नाही. सावली घडीची असते, पण नक्षीच्या रेषा सपाट कागदावरच्यासारख्या सरळ जातात. कापड वाकलेले आणि छपाई न वाकलेली, हा विरोध सामान्य माणसालाही लगेच खटकतो. काय चुकले आहे ते मात्र त्याला सांगता येत नाही. हा विरोध मिटवण्यासाठी फोटोशॉपमध्ये वापरतात ते साधन म्हणजे डिस्प्लेसमेंट मॅप.

हा मॅप म्हणजे एक करडे चित्र. त्यातला प्रत्येक बिंदू किती उजळ आहे हे पाहून फिल्टर वरच्या नक्षीतला त्या जागचा बिंदू थोडा सरकवतो. उजळपणाची मोजणी काळ्यासाठी ० ते पांढऱ्यासाठी २५५ अशी असते. बरोबर मधला करडा, म्हणजे १२८, असेल तिथे नक्षी जागची हलत नाही. त्याहून उजळ भागात ती वर आणि डावीकडे सरकते, गडद भागात खाली आणि उजवीकडे. किती सरकायचे ते टक्क्यांत सांगायचे असते, आणि हे टक्के फसवे आहेत. ते फोटोच्या आकाराचे नव्हेत. १०० टक्के म्हणजे जास्तीत जास्त १२८ पिक्सेल, मग फोटो केवढाही असो. म्हणून १० हा आकडा ८०० पिक्सेल उंचीच्या छोट्या फोटोत नक्षीची पार वाट लावतो आणि साडेचार हजार पिक्सेलच्या फोटोत जेमतेम जाणवतो. दुसऱ्याने सांगितलेला आकडा आपल्या फोटोला लागू पडत नाही, तो याचमुळे.

ही कल्पना त्रिमिती संगणकचित्रांतून आली. जिम ब्लिन यांनी १९७८ मध्ये सुरकुतलेल्या पृष्ठभागांचा भास निर्माण करण्याची रीत मांडली. त्यात पृष्ठभाग सपाटच राहत असे, फक्त त्यावरचा प्रकाश बदलत असे. पुढे १९८४ मध्ये लुकासफिल्ममधल्या रॉब कुक यांनी पृष्ठभागच खरोखर सरकवण्याची पद्धत सांगितली. १९९० मध्ये बाजारात आलेल्या फोटोशॉपच्या फिल्टरमध्ये त्रिमिती पृष्ठभाग नसतोच. सपाट चित्रातले बिंदू इकडचे तिकडे होतात, एवढेच. कापडाची खोली किती हे त्याला ठाऊक नसते. उजळ ते उंच आणि गडद ते खोल असे तो गृहीत धरतो. हे गृहीतक बरेचदा चालून जाते, कारण समोरून येणाऱ्या मऊ उजेडात घडीचा माथा उजळ दिसतो आणि खोबण अंधारी. ज्या ठिकाणी ते चालत नाही, तिथेच या कामातल्या बहुतेक चुका होतात.

साधा, एका रंगाचा ड्रेस असेल तर फोटो करडा करून जरासा धूसर केला की मॅप तयार होतो. शिकवण्या बहुधा अशाच ड्रेसवर असतात. छापील ड्रेसचे तसे नाही. त्याच्या फोटोत दोन प्रकारचा काळोख मिसळलेला असतो, एक घडीच्या सावलीचा आणि दुसरा छपाईच्या शाईचा. फिल्टरला त्यांतला फरक कळत नाही. लाल ठिपका गडद दिसला की तिथे खड्डा आहे असे समजून तो नवी नक्षी त्यात ढकलतो. परिणामी नव्या वेलबुट्टीवर जुन्या ठिपक्यांच्या अंतराने बारीक गोल गचके उमटतात. जुना रंग कुठेच दिसत नसतो, तरी जुनी छपाई आपल्या जागी ठाण मांडून असते.

एक नमुना घेऊन हे काम पाहू. फोटो ३००० बाय ४५०० पिक्सेलचा, पांढऱ्या सुती कापडाचा, गुडघ्यापर्यंतच्या घेरदार ड्रेसचा. कापडावर लाल ठिपके, प्रत्येकाचा व्यास सुमारे ३० पिक्सेल, घेराच्या मध्यभागी दोन ठिपक्यांत ९० पिक्सेलचे अंतर. उजेड समोरून आणि मऊ, कॅमेरा छातीच्या उंचीवर. त्यावर पांढऱ्या जमिनीवरची निळी वेलबुट्टी बसवायची आहे.

ठिपके पुसण्याची घाई मात्र करू नये. कारण कापड कसे पडले आहे याची सर्वांत विश्वासू साक्ष हेच ठिपके देतात. छापताना त्यांच्या रांगा सरळ होत्या आणि अंतर सारखे होते. आता फोटोत त्या जिथे वाकल्या आहेत तिथे कापड वाकले आहे, आणि जिथे जवळ आल्या आहेत तिथे कापड कॅमेऱ्यापासून वळले आहे. म्हणून एका वेगळ्या लेयरवर बारीक ब्रशने ठिपक्यांच्या आडव्या आणि उभ्या रांगा जोडून घ्याव्यात. मध्यभागी ९० पिक्सेल असलेले अंतर घेराच्या बाजूला ५० वर आलेले दिसते. कंबरेच्या चुण्यांपाशी एखादी उभी रांग अचानक नाहीशी होते, कारण तिथले कापड घडीच्या आत गेलेले असते. साध्या ड्रेसवर यातले काहीच मोजता येत नाही. छापील ड्रेस मॅप बनवताना छळतो, पण मोजमाप आयते देतो.

रेषांचे हे जाळे पाहिले की कामाचे दोन भाग पडतात. घेराचा मोठा फुगीरपणा, बाहीचा गोलावा, बाजूकडे आक्रसत जाणारी अंतरे ही वळणे शंभर-शंभर पिक्सेलची असतात. डिस्प्लेसमेंट फिल्टरकडून ती करून घ्यायला जाऊ नये. ती आधी `Edit > Transform > Warp` वापरून हाताने द्यायची. नक्षी जाळ्याच्या रेषांवर बसेपर्यंत ओढायची. फिल्टरकडे उरतात त्या छोट्या लाटा, दोन ठिपक्यांच्या मधल्या, ज्यांची साक्ष ठिपके देऊ शकत नाहीत. हे सगळे तुकड्यातुकड्याने करावे लागते. खऱ्या ड्रेसमध्ये छातीचा भाग, प्रत्येक बाही आणि घेर वेगवेगळे कापून शिवलेले असतात आणि शिवणीवर नक्षी बहुधा जुळत नाही. फोटोत ती अखंड वाहत गेली तर ड्रेस शिवलेला न वाटता रंगवलेला वाटतो. प्रत्येक तुकड्याला वेगळा लेयर आणि शिवणीवर थांबणारा मास्क द्यावा.

आता मॅप. फोटो लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन चॅनलांचा असतो. आपल्या पांढऱ्या कापडाचे आकडे तिन्हींत २३५ च्या आसपास आहेत, तर लाल ठिपक्याचे लाल चॅनलमध्ये २२०, हिरव्यात ४० आणि निळ्यात ५०. म्हणजे हिरव्या चॅनलमध्ये ठिपका जवळजवळ काळा दिसतो आणि लाल चॅनलमध्ये अगदी पुसट. म्हणून मॅपसाठी लाल चॅनल घ्यायचे. तरीही १५ चा फरक उरतोच, आणि मॅपचा कॉन्ट्रास्ट वाढवला की तोही वाढतो. तो घालवायला एक सोपा हिशेब आहे. `Channel Mixer` मध्ये `Monochrome` वर खूण करून लाल +१०८, हिरवा −८ आणि निळा ० असे आकडे द्यायचे. ठिपक्यासाठी:

```
1.08 × 220 − 0.08 × 40 = 234.4
1.08 × 235 − 0.08 × 235 = 235
```

ठिपका आणि कापड दोन्ही एकाच उजळपणावर आले. सावलीत दोघांचेही आकडे साधारण सारख्याच प्रमाणात उतरतात, त्यामुळे तिथेही ठिपका फारसा डोके वर काढत नाही. जे थोडे उरते ते धूसर करताना विरून जाते. प्रत्येक कापडासाठी आकडे वेगळे निघतील, पण रीत हीच. आयड्रॉपरने छपाईचा आणि कापडाचा रंग शेजारी शेजारी मोजायचा आणि दोन्ही जुळेपर्यंत मिक्सर फिरवायचा. काळी छपाई असेल तर हा उपाय चालत नाही. काळा तिन्ही चॅनलांत काळाच असतो आणि त्याच्याखालची सावली फोटोत नोंदलीच गेलेली नसते. तिथे मोकळ्या कापडावरची सावली पाहून घड्या ब्रशने रंगवून घेण्याला पर्याय नाही.

मिक्सरमधून निघालेल्या या करड्या चित्राच्या दोन प्रती करायच्या. अनेकजण एकाच प्रतीवर दोन्ही कामे भागवतात आणि दोन्ही बिघडवतात. पहिली प्रत सावलीसाठी. तिला सूत, बारीक चुण्या, शिवणीची धार हे सगळे हवे असते, म्हणून ती धूसर करायची नाही. फक्त `Levels` मध्ये पांढरी खूण २३५ वर आणायची, म्हणजे कापडाचा सर्वांत उजळ भाग पूर्ण पांढरा होतो. हे विसरले तर `Multiply` मध्ये २३५ भागिले २५५ या प्रमाणात सगळी नवी नक्षी आठ टक्के काळवंडते. असा ड्रेस न धुतल्यासारखा दिसतो.

दुसरी प्रत सरकवण्यासाठी, म्हणजे खरा मॅप. तिला बारीक तपशील अजिबात नको. सूत आणि फोटोचे कण मॅपमध्ये राहिले तर नक्षीची प्रत्येक कड करवतीसारखी दातेरी होते. या आकाराच्या फोटोला `Gaussian Blur` सहा ते आठ पिक्सेल पुरतो. त्याआधी ड्रेसबाहेरचा सगळा भाग १२८ च्या करड्याने भरून टाकावा. नाहीतर काळी पार्श्वभूमी धूसर होताना कापडाच्या कडेत शिरते आणि कडेजवळची नक्षी बाहेर ओढली जाते. कापडाचा सरासरी उजळपणाही `Levels` ने १२८ च्या जवळ आणायचा. हिस्टोग्राममध्ये सरासरीचा आकडा दिसतो. तो १९० राहिला तर सर्व घड्यांच्या हालचालीत भर म्हणून अख्खी नक्षीच सहा-सात पिक्सेल सरकून बसते आणि जाळ्यावर केलेली जुळणी बिघडते. शेवटी हा मॅप वेगळी `.psd` फाइल म्हणून, मूळ फोटोच्याच मापात जपून ठेवायचा.

फिल्टर `Filter > Distort > Displace` इथे मिळतो. तो लावण्यापूर्वी नक्षीचा लेयर कॅनव्हासच्या कडांबरोबर कापून घ्यावा. नक्षी कॅनव्हासच्या बाहेर लांबवर पसरलेली असेल तर मॅप त्या सगळ्या पसाऱ्यावर ताणला जातो आणि घड्या भलतीकडेच उमटतात. लेयर आधी स्मार्ट ऑब्जेक्ट केला की आकडे नंतर बदलता येतात, आणि ते बदलावे लागतातच.

आकडे ठरवताना लोक अंदाजाने चाचपडतात, पण इथेही ठिपके मदतीला येतात. घेराच्या खालच्या भागातली ठिपक्यांची एक आडवी रांग घ्यावी. घडीच्या माथ्यावर ती खाली येते, खोबणीत वर जाते. कॅमेरा वर असल्याने आपल्याकडे आलेले कापड फोटोत खाली दिसते. अगदी खालची दुमडलेली किनारही अशीच हेलकावत जाते. समजा हा चढउतार १६ पिक्सेलचा मोजला. मॅपमध्ये त्याच माथ्याचा उजळपणा २०० आणि खोबणीचा ६० आहे, म्हणजे फरक १४०. एका टक्क्याला हा फरक १.४ पिक्सेल सरकवतो, म्हणून १६ पिक्सेलसाठी उभा आकडा सुमारे ११ लागतो. आता दिशा पाहायची. फिल्टर उजळ भागाला वर ढकलतो आणि इथे माथा खाली यायला हवा, म्हणून `Vertical Scale` −११ द्यायचा. ऋण आकडा हा फिल्टर बिनतक्रार घेतो, पण तो देऊन पाहण्याचे अनेकांच्या मनातच येत नाही. मग घडीवरच्या रेषा किनारीच्या नेमक्या उलट हेलकावतात आणि कुठे चुकतेय ते कळत नाही.

आडव्या आकड्याला हात आखडता घ्यावा. समोरून पाहिलेल्या उभ्या घडीच्या दोन्ही उतारांवर नक्षी आक्रसायला हवी. फिल्टर मात्र माथा एका बाजूला सरकवतो, त्यामुळे एक उतार आक्रसतो आणि दुसरा ताणला जातो. हे खोटे आहे. तीन-चारपर्यंत ते लपून जाते, पुढे नक्षी वाऱ्याने एका बाजूला झुकल्यासारखी दिसते. एकच करडा चॅनल असलेला मॅप दोन्ही दिशांना तोच उजळपणा वापरतो. रंगीत मॅपमध्ये मात्र लाल चॅनल आडवी हालचाल ठरवतो आणि हिरवा उभी, म्हणून ज्याला हौस आहे त्याला दोन्हींसाठी वेगळी चित्रे देता येतात. फुकट मिळणाऱ्या गिंपमध्ये तर दोन मॅप वेगवेगळे निवडता येतात आणि सरकण्याचे माप थेट पिक्सेलमध्ये देता येते. आकडेमोड वाचते.

पहिल्यांदा खरी वेलबुट्टी लावूच नये. त्याच मापाची सरळ रेषांची चौकडी लावून फिल्टर चालवावा. वेलीची वळणे मूळचीच वळलेली असल्याने त्यात चूक खपून जाते. चौकडीत ती लपत नाही. आपल्या नमुन्यात चौकडीच्या आडव्या रेषा आखलेल्या जाळ्याशी समांतर हेलकावल्या की आकडा बरोबर. लाट योग्य उंचीची पण बाजूला सरकलेली दिसली, म्हणजे तिचा तळ घडीच्या माथ्यावर न येता उतारावर आला, तर दोष उजेडाचा असतो. उजेड एका बाजूने आलेला असला की घडीचा माथा सर्वांत उजळ नसतो, उजेडाकडचा उतार उजळ असतो, आणि मॅप त्यालाच माथा समजतो. अशा वेळी मॅप उजेडाच्या विरुद्ध बाजूला काही पिक्सेल सरकवून पाहावा. घड्या सारख्याच रुंदीच्या असतील तर तेवढ्याने भागते. रुंद आणि अरुंद घड्या मिसळलेल्या असतील तर नाही.

चौकडीत रेषा एकाएकी पायरीसारखी तुटली तर तिथे मॅपमध्ये उजळ ते गडद हा प्रवास फार थोड्या जागेत होत असतो. पाच पिक्सेलच्या अंतरात नक्षी सहा पिक्सेल आडवी सरकवायला सांगितली तर बिंदू एकमेकांना ओलांडतात आणि नक्षीचा तुकडा दोनदा दिसतो किंवा फरपटल्यासारखा होतो. तेवढाच भाग मॅपमध्ये जास्त धूसर करावा. पण तीच जागा एक घडी दुसरीवर चढलेली असेल, जसे कंबरेच्या चुण्यांशी असते, तर धूसर करणे हा उपाय नव्हे. खऱ्या कापडावर तिथे नक्षी तुटतेच. वरच्या घडीच्या कडेला एक बुट्टी अर्धी कापली जाते आणि शेजारी भलताच भाग सुरू होतो, कारण मधले कापड आत दडलेले असते. फिल्टर ताणू शकतो, पण कापू शकत नाही. म्हणून अशा प्रत्येक चढत्या घडीला मास्कने वेगळे करून तिच्या पलीकडची नक्षी दडलेल्या कापडाइतकी बाजूला सरकवायची. नाहीशा झालेल्या ठिपक्यांच्या उभ्या रांगा मोजल्या की किती कापड आत गेले ते कळते. एक रांग बुडाली असेल तर सुमारे ९० पिक्सेल. हे काम वेळखाऊ आहे, पण बदललेला ड्रेस आणि खरा ड्रेस यांतला फरक बहुतेक वेळा याच चुण्यांत पकडला जातो.

मग चौकडीच्या जागी वेलबुट्टी येते, स्मार्ट ऑब्जेक्टमुळे नुसता आतला मजकूर बदलून. लेयरांची रचना अशी राहते: सर्वांत खाली मूळ फोटो, त्यावर ड्रेसच्या मास्कमध्ये सरकवलेली नक्षी, आणि सर्वांत वर सावलीची धारदार प्रत `Multiply` मध्ये, त्याच मास्कसह. नक्षीची जमीन पांढरी आणि अपारदर्शक असल्याने खालचे लाल ठिपके झाकले जातात, आणि सावलीच्या प्रतीतून ते आधीच गेलेले आहेत. हनुवटीखाली किंवा दंडाच्या आतल्या बाजूला जुन्या कापडाची लालसर झाक पडलेली असू शकते. ती कातडीवर असल्याने मास्कच्या बाहेर राहते आणि वेगळी दुरुस्त करावी लागते.

हे सगळे जमते ते मंद कापडावर, सुती, लिनन, खादी किंवा जाड क्रेपवर. साटीनवरची चकाकी घडीच्या माथ्यावर नसून दिव्याचे प्रतिबिंब जिथे पडेल तिथे असते आणि मॅप तिलाच उंचवटा समजतो. तिथे मॅपसाठी चकाकीचे भाग आधी आजूबाजूच्या उजळपणाने भरून घ्यावे लागतात आणि चकाकी वेगळी उचलून शेवटी `Screen` मध्ये परत ठेवावी लागते, कारण `Multiply` कशालाही उजळ करू शकत नाही. मखमलीची तऱ्हा आणखी उलटी. तिचे तंतू कडेने पाहिल्यावर उजळतात, त्यामुळे आपल्याकडे आलेला माथा गडद आणि वळत गेलेला उतार उजळ दिसतो. तिथे मॅप उलटा केला की काम बऱ्यापैकी निघते. झिरझिरीत शिफॉनमध्ये मात्र खालचा थर, अस्तर आणि अंग हे सगळेच वरच्या थरातून दिसत असते. तिथे कोणता उजळपणा घडीचा आणि कोणता खालच्या थराचा हे वेगळे करता येत नाही. अशा ड्रेसची छपाई बदलायची असेल तर घड्या हाताने रंगवून मॅप बनवण्यापेक्षा तो ड्रेस त्रिमितीत शिवून पुन्हा चित्रित करणे कमी वेळाचे ठरते. त्रिमितीत नक्षी थेट कापडाच्या तुकड्यांवर छापलेली असते, सरकवावी लागत नाही.